जाहिरातीतल्या तीन अटी

माझी भाची चार वर्षांपासून हिंगणघाटच्या एका बँकेत कर्जप्रस्ताव पाहते. नागपूरच्या एका वित्तसंस्थेने क्रेडिट ॲनालिस्टच्या जागेसाठी जाहिरात दिली. अटी तीन होत्या: फायनान्शियल मॉडेलिंग, नियमांचे ज्ञान आणि ऑडिटचा अनुभव. भाचीच्या बायोडेटात एकच ओळ होती, ‘कर्जप्रस्तावांची छाननी केली.’ मला म्हणाली, “खाला, यातलं मला काहीच येत नाही.” माझी नोकरीही कर्ज खात्यातच गेली, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून मी तिला तिच्या रोजच्या कामाबद्दल विचारत गेले.

तिने एका जिनिंग कारखान्याचा हिशेब सांगितला. करानंतरचा नफा 9 लाख, घसारा 5 लाख, मुदत कर्जाचे व्याज 4 लाख. म्हणजे कर्ज फेडायला 18 लाख हाताशी. वर्षाचे हप्ते 8 लाख आणि व्याज 4 लाख, असे देणे 12 लाख. 18 भागिले 12, म्हणजे दीडपट. रुईचा भाव उतरून नफा 3 लाखांवर आला तर? तेव्हा हाताशी 12 आणि देणेही 12. एक हप्ता चुकायला एवढे पुरे. ‘असे झाले तर काय’ हे आकड्यांत मांडणे म्हणजेच मॉडेलिंगचा गाभा. मात्र ताळेबंद, नफा-तोटा आणि रोख प्रवाह एकमेकांना जोडून पूर्ण मॉडेल तिने कधी बांधले नव्हते. पुढच्या वर्षांचे अंदाज सीए तयार करून द्यायचा, ती ते तपासायची. तसेच लिही, असे मी सांगितले. नाहीतर मुलाखतीत एक भाव बदलून ‘आता ताळेबंदात काय बदलेल?’ असे विचारले की उघडे पडायला होते.

नियमांचेही तसेच. कारखान्याच्या मुदत कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक होते; कापसासारख्या कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगाम मोजतात. हा फरक ती रोज लावत होती, फक्त लिहिलेला नव्हता.

ऑडिटमध्ये एका खात्यावर आक्षेप आला होता. माल 40 लाखांचा दाखवला होता, पण त्यातल्या 12 लाखांच्या कापसाचे पैसे विक्रेत्यांना द्यायचेच होते. उरले 28 लाख. 25 टक्के मार्जिन वजा करता कारखान्याला 21 लाखच उचलता येत होते, 30 लाख नव्हे. तो हिशेब तिनेच दुरुस्त करून दिला. पण ऑडिटरच्या आक्षेपाला उत्तर देणे वेगळे आणि स्वतः ऑडिट करणे वेगळे. म्हणून तिने लिहिले, ‘समवर्ती ऑडिटमधील आक्षेपांची पूर्तता केली.’

एका ओळीच्या जागी आता तीन ओळी आल्या, आणि तिन्हींवर कितीही प्रश्न आले तरी ती उत्तर देऊ शकते.