ओरल आणि पोट

मंगळवार. पहाटेपासून उलट्या-जुलाब आणि दहाच्या बॅचला ओरल. आई म्हणाली, "आधी पडून राहा, कॉलेजचं मग बघू." पण ओरलचं मग बघता येत नाही. बाहेरून आलेले परीक्षक बॅचेस संपल्या की गुणपत्रकावर सही करून निघतात. नावापुढे 'गैरहजर' लागून ते विद्यापीठाकडे गेलं, की कॉलेजच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून बॅच सुरू व्हायच्या आधीच अंतर्गत परीक्षक मॅडमना मेसेज टाकला. नाव, सीट नंबर, विषय, बॅच. "उलट्या-जुलाब होत आहेत, दवाखान्यात जातोय. बाहेरचे परीक्षक असेपर्यंत नंतरच्या बॅचमध्ये ओरल घेता येईल का?" पोटाचं याहून जास्त वर्णन कुणालाच नको असतं!

डॉक्टरांनी ओआरएस दिलं आणि सवयीने सर्टिफिकेटवर तीन दिवसांची विश्रांती लिहायला घेतली. मी थांबवलं. ओरल उद्या मागायची आणि कागद सांगणार की हा परवापर्यंत अंथरुणात! "उद्या बसू शकेन का?" विचारल्यावर त्यांनी पुन्हा पोट दाबून पाहिलं. उलट्या थांबल्या तर हरकत नाही म्हणाले आणि फक्त आजची तारीख घातली.

दुपारी मॅडमचं उत्तर आलं : उद्या शेवटच्या बॅचला या, विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि सही झालेलं जर्नल आणा. अर्ज लिहून झालाय. संध्याकाळपासून उलटी नाही.