बूम, सावली आणि चार मिनिटांचा टेक

बूम म्हणजे टोकाला मायक्रोफोन लावलेला, लांबी कमी-जास्त करता येणारा कार्बन फायबरचा दांडा. नटाच्या डोक्यावर, किंचित पुढे, फ्रेमच्या वरच्या कडेला जवळजवळ चिकटून तो धरायचा असतो. फ्रेमपासून थोडे लांब राहावे आणि सुखी असावे, असे मात्र चालत नाही. तोंडापासूनचे अंतर दुप्पट केले की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. संवाद मग विहिरीतून आल्यासारखा वाटू लागतो. पुढे मिक्सिंगमध्ये आवाज वाढवला तर त्याच्याबरोबर घुमाराही वाढतो.

हे काम कोणताही उंच, धडधाकट मुलगा करील असा समज निर्मात्यांमध्ये घट्ट रुजलेला आहे. दांड्याचे वजन ऐकले की तो समज खराही वाटतो, पण हिशेब वजनाचा नसून तरफेचा आहे. समजा, पुढच्या हातापासून तीन मीटरवर माइक, त्याचा झोका आणि वाऱ्याचे आवरण मिळून ४०० ग्रॅम आहेत आणि तेवढ्या भागातल्या दांड्याचे वजन ५०० ग्रॅम आहे. दोन हातांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवले तर मागच्या हाताला सव्वातीन किलोच्या जोराने दांडा खाली दाबावा लागतो आणि पुढच्या हातावर चार किलोंहून जास्त भार येतो. तेच अंतर ९० सेंटिमीटर केले की हे आकडे अनुक्रमे सव्वादोन आणि तीन किलोंच्या आसपास उतरतात. हात लांब ठेवणे ही या कामातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. नवशिका दांडा शेवटच्या टोकाला दोन्ही हात जवळ घेऊन पकडतो आणि दुसऱ्याच मिनिटाला थरथरू लागतो.

हात डोक्यावर जवळजवळ सरळ असावेत, म्हणजे भार दंडाच्या स्नायूंऐवजी हाडांवरून खांद्यात उतरतो. पुढचा हात फक्त टेकू देतो, दिशा मागचा हात देतो. बोटे दांड्याभोवती सैल राहिली पाहिजेत. पकड आवळली की कातडी घासल्याचा आवाज दांड्यातून माइकपर्यंत जातो आणि हेडफोनमध्ये खालच्या पट्टीतली गुरगुर ऐकू येते. दंड दुखायला लागण्याआधीच ती येते, त्यामुळे थकव्याची पहिली वर्दी तीच समजावी. दुसरी खूण म्हणजे माइकचे टोक हळूहळू खाली येणे. धरणाऱ्याला ते उतरणे जाणवत नाही, कारण तो माइककडे खालून पाहत असतो. म्हणून रिहर्सलमध्ये माइक मुद्दाम फ्रेममध्ये उतरवायचा, कॅमेरामनने ‘आत’ म्हटले की वर घ्यायचा, आणि त्या उंचीला समोरच्या भिंतीवरची एखादी खूण, खिळा किंवा दाराच्या चौकटीची कड, लक्षात ठेवायची. लेन्स बदलली की ती खूण रद्द होते.

बूम ऑपरेटरने हेडफोन लावावेत की नाही, यावर आपल्याकडे अजून वाद होतो. हेडफोनमुळे दिग्दर्शकाची सूचना ऐकू येत नाही आणि रेकॉर्डिस्ट तर ऐकतोच आहे, असे विरोधकांचे म्हणणे. पण रेकॉर्डिस्ट खुर्चीवरून ऐकतो आणि त्याला चूक कळते ती घडून गेल्यावर. माइक दोन इंच सरकला की अक्षराची धार जाते, ती हातालाच कळली तर पुढच्या वाक्यापर्यंत सावरता येते. हेडफोनशिवाय बूम धरणे म्हणजे डोळे मिटून भाजी चिरणे. सूचना ऐकू यावी म्हणून हवा तर एक कान उघडा ठेवावा. आणि ‘सगळ्यांना लेपल लावलेत, बूम कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्याने मंगळसूत्राखाली लपवलेल्या लेपलचे रेकॉर्डिंग एकदा ऐकावे.

चालणाऱ्या नटाच्या मागे बूम नेणे हा शब्दप्रयोगच चुकीच्या सवयीला जन्म देतो. बूम पुढे असतो. पाय उचलण्याआधी माणसाचे वजन एका बाजूला जाते, खांदा वळतो. तेव्हाच दांडा निघाला पाहिजे. त्यासाठी बूम ऑपरेटरला संवाद पाठ असावे लागतात. दोघे बोलत असतील तर हात न हलवता दांडा बोटांनी स्वतःभोवती फिरवून माइकचे तोंड वळवतात, आणि हे वळण दोन वाक्यांमधल्या श्वासात पुरे व्हावे लागते. उशीर झाला तर उत्तराचा पहिला शब्द मळका येतो. नटाने नुसती मान वळवली तर मात्र माइकने तिच्यामागे धावू नये. रबरी तळव्यांचे जोडे आणि मागे सरकताना पाठीवर हात ठेवून वाट दाखवणारा सहायक, एवढी सामग्री पुरते.

सावलीचा प्रश्न सर्वांत किचकट आहे. चार मिनिटांचा एक टेक घेऊ. सून स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून बोलत निघते, दारातून बाहेरच्या खोलीत येते आणि सासऱ्यांसमोर उभी राहते. ओट्यापाशी प्रकाश खिडकीतून, बाजूने येतो. तिथे माइकची सावली आडवी जाऊन फ्रेमबाहेर पडते. बूम खिडकीच्या विरुद्ध बाजूने आणला की दांडाही झोताला छेदत नाही. अडचण बाहेरच्या खोलीत आहे. तिथला मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या जवळच, नऊ फुटांवर टांगलेला. माइक सात फुटांवर, दिव्यापासून सहा फूट पुढे. भिंत आणखी तीन फूट मागे. सहा फुटांत किरण दोन फूट उतरला, तर पुढच्या तीन फुटांत आणखी एक फूट उतरेल. सावली भिंतीवर सहा फुटांवर पडते. कॅमेरा पाच फुटांवर, सुनेपासून सहा फूट दूर. तिच्यापाशी फ्रेमची कड सव्वासहा फुटांवर असली तरी भिंतीवर ती सात फुटांच्या आसपास पोचते. माइक फ्रेमबाहेर आहे, त्याची सावली आत.

दांडा दुसऱ्या बाजूने आणून इथे फक्त दांड्याची सावली हटते, माइकची नाही, कारण माइकची जागा तोंडाने ठरवलेली आहे. खरा उपाय दिव्यापुढे काळा कटर लावून झोताचा वरचा भाग कापणे. कापाची रेषा माइकपाशी साडेसहा फुटांवरून गेली की माइक अंधारात आणि चेहरा उजेडात राहतो. याची किंमतही आहे: तीच रेषा भिंतीवर सव्वापाच फुटांवर उतरते आणि तिच्या वरची भिंत काळवंडते. ती काळवंडलेली चालेल का, हे ठरवणे छायाचित्रकाराचे काम. चालत नसेल तर सुनेला भिंतीपासून पुढे आणावे किंवा दिवा बाजूला सरकवावा. ही बोलणी प्रकाशयोजना चालू असतानाच झाली पाहिजेत. टेकच्या तोंडावर केलेली तक्रार लाइटमनला कटकट वाटते, आणि त्याचे फारसे चुकतही नाही.

कटर लावणे शक्यच नसेल तर निदान सावली हलू देऊ नये. भिंतीवरचा स्थिर, मऊ डाग प्रेक्षक फर्निचरमध्ये जमा करतो. सरकणारा डाग मात्र लगेच नजरेत भरतो. म्हणजे सून येण्याआधी माइक तिच्या जागेवर पोचायला हवा आणि दाराशी दुसरा बूम लागतो. चौकटीखालून जाण्यासाठी एकट्याला तसाही दांडा खाली घ्यावा लागतो, आणि नेमके तिथेच तिचे वाक्य असते. पहिल्या बूमवाल्याने दाराशी थांबावे आणि दुसऱ्याने उंबऱ्यापलीकडे तिला उचलावे. माइक दोन्हीकडे एकाच जातीचे असले तर जोड ऐकू येत नाही.

कट झाल्यावर कोणते वाक्य दूर गेले, माइक कुठे उतरला, हे बूम ऑपरेटरने विचारण्याची वाट न पाहता सांगायचे असते. चित्र सर्वांना आवडले आणि दुसरा टेक मिळणार नसेल, तर ते वाक्य त्याच जागी, त्याच लयीत, कॅमेऱ्याविना तिथल्या तिथे म्हणवून घ्यावे. तासाभराने नटाचा आवाज बदललेला असतो.