साडेसहाची वेळ कुणाची?

दवाखान्याच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंटचं पान हवं म्हणून डॉक्टर मंडळी येतात, तेव्हा बोलणं कॅलेंडरच्या रंगापासून सुरू होतं. मी आधी काउंटरवरची वही मागतो. दवाखाना खरा कसा चालतो ते वहीत असतं. खाडाखोड, बाणानं पुढे ढकललेली नावं, समासात लिहिलेलं ‘दुखतंय, मध्येच घेणे’.

दातांचा दवाखाना घ्या. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, डॉक्टर एकच. नुसती तपासणी पंधरा मिनिटांत होते, रूट कॅनॉलच्या एका बैठकीला पाऊण तास धरावा लागतो. कामांची ही अख्खी यादी पानावर टाकायला माझा विरोध असतो. आपल्याला रूट कॅनॉल लागणार की साधं फिलिंग, हे पेशंटला कसं कळणार? म्हणून पानावर फक्त तपासणी ठेवावी. लांब बैठकीची वेळ तपासून झाल्यावर काउंटरवरच्या ताईच देतात.

आता घोटाळा कुठे होतो पाहा. ताईंनी एकाला सहा ते पावणेसात अशी बैठक दिली. दुसरा घरबसल्या मोबाइलवर साडेसहाची तपासणी घेतो. प्रोग्रॅम फक्त सुरुवातीच्या वेळा ताडून पाहत असेल, तर त्याला सहा आणि साडेसहा वेगवेगळ्या दिसतात आणि तो दोघांनाही होकार देतो. पडद्यावर चूक दिसत नाही. दिसते ती साडेसहा वाजता, बाकावर.

यावर माझा साधा उपाय असा, की संध्याकाळचे पंधरा-पंधरा मिनिटांचे बारा कप्पे करायचे. तपासणी एक कप्पा घेते; बैठक सहा, सव्वासहा आणि साडेसहा असे तीन. प्रत्येक कप्प्याची डेटाबेसमध्ये स्वतंत्र ओळ, आणि एका डॉक्टरच्या एका कप्प्याला दुसरी ओळ मिळणार नाही अशी अट टेबलवरच:

```sql
CREATE TABLE slots (
  doctor_id   INTEGER NOT NULL,
  block_start TEXT NOT NULL,
  booking_id  INTEGER NOT NULL,
  UNIQUE (doctor_id, block_start)
);
```

इथे खुर्चीऐवजी डॉक्टर का? दोन खुर्च्या असल्या तरी हात दोनच. (एका खुर्चीवर भूल चढेपर्यंत दुसरीवरचा पेशंट बघणारे डॉक्टर असतात, पण तो हिशेब त्यांच्या डोक्यातच राहू द्यावा, प्रोग्रॅममध्ये आणू नये.)

बैठकीच्या तिन्ही ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायच्या. साडेसहाचा कप्पा आधीच गेला असेल तर ती ओळ नाकारली जाते. मग रोलबॅक करून आधीच्या दोन्हीही मागे घ्यायच्या. अर्धवट बैठक कुणाच्या नावावर राहत नाही. वेळ रद्द झाली तर या ओळी पुसायच्या, म्हणजे कप्पे मोकळे. कुणी कधी रद्द केलं याची नोंद बुकिंगच्या वेगळ्या टेबलात राहू द्यावी.

‘आधी वेळ रिकामी आहे का ते पाहायचं, मग लिहायचं’ ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती वरवर बरोबर वाटते, पण पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट असते. दोन मोबाइलवरून एकाच क्षणी विचारणा आली, तर दोघांनाही ‘रिकामी’ असंच उत्तर मिळतं आणि दोघंही लिहितात. म्हणून शेवटचा निवाडा वरच्या अटीवर सोडायचा. लिहून पाहायचं, नकार आला तर पेशंटला सांगायचं, ‘ही वेळ नुकतीच भरली’, आणि लगेच जवळच्या दोन-तीन वेळा दाखवायच्या. त्यानं भरलेलं नाव आणि नंबर मात्र जागेवर राहिले पाहिजेत. परत सगळं भरायला लावलं की माणूस फोन उचलतो.

आणि फोन येणारच. मोबाइलवर वेळ न घेणारी माणसं पुष्कळ आहेत, ती फोन करतील किंवा सरळ येऊन बसतील. ताईंनी फोनवरच्या वेळा वहीत लिहायच्या आणि पानावरच्या वेळा पानावर ठेवायच्या, असं झालं की वरची सगळी अट वाया जाते. डेटाबेसला वही वाचता येत नाही. ताईंनाही नोंद त्याच टेबलात करता आली पाहिजे, तीही फोन कानाला असताना, एका हातानं. त्यांचा पडदा मी पेशंटच्या पडद्याआधी करतो. अचानक दात ठणकत येणाऱ्यांसाठी सात आणि आठचे कप्पे पानावर दाखवायचेच नाहीत. ते फक्त ताईंना दिसतात.

पान सुरू करण्याआधी ताईंच्या पडद्यावर सहाची बैठक द्या आणि मोबाइलवरून साडेसहाची तपासणी मागून बघा. मग दोन मोबाइल घेऊन एकच मोकळी वेळ दोन्हींवर निवडा आणि एकदम बटण दाबा. एकदा जमलं म्हणून थांबू नका, पुन्हा पुन्हा दाबा. दोन्हींवर ‘वेळ निश्चित’ असं एकदा जरी आलं, तरी ते पान लोकांसमोर आणू नका.