एक पाय लांब कर

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू होणार होतं. मी सकाळच्या गाडीने जळगावहून निघाले. आमच्या वाचनाच्या गटात पंचवीसतीस जण आहेत. जे येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी एक्सवर 'तिथून थेट' लिहायचं काम माझ्याकडे होतं.

धरणगाव यायच्या आतच मी पहिली पोस्ट लिहून ठेवली होती. म्हणजे काही बघायच्या आधीच. ती अशी:

'अमळनेर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला आज ग्रंथदिंडीने उत्साहात प्रारंभ. विद्यार्थ्यांचा मोठा सहभाग. विविध वेशभूषांनी वेधले लक्ष.'

ग्रंथदिंडी बघून झाल्यावर ती टाकायची, एवढंच बाकी होतं. पण मला सवय आहे, काहीही लिहिलं की आधी मेहरूणला आईला पाठवायचं. आई तेव्हा ओट्यावर बोरं निवडत बसलेली असणार, फेब्रुवारीत आमच्याकडे दुसरं काय. तिचं उत्तर आलं: 'बरं.'

आईचं 'बरं' म्हणजे वाचलं आणि विसरले. मला जरा राग आला. मग मी एक प्रयोग केला. 'अमळनेर' काढून 'वर्धा' टाकलं. आदल्या वर्षीचं, ९६वं संमेलन वर्ध्याला झालं होतं. पोस्ट जशीच्या तशी उभी राहिली. मग 'जळगाव' टाकलं, १९८४ साली शंकरराव खरात अध्यक्ष होते ते संमेलन. तरीही एक शब्द हलवावा लागला नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमालाही जे वाक्य चालतं, ते लिहायला मी गाडीचं तिकीट कशाला काढलं?

आता डोळ्यांसमोर काय घडलं होतं ते सांगते. दिंडी एका चौकात थांबली होती. बहिणाबाई झालेली एक सातआठ वर्षांची मुलगी, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. तिने काखेतलं जातं रस्त्यावर ठेवलं, त्याच्यापुढे मांडी घातली आणि फोटोसाठी खुंटा धरला. बहिणाबाई चौधरी आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यामुळे इकडच्या कुठल्याही मिरवणुकीत एक तरी बहिणाबाई असतेच. मी फोटो काढून पुढे निघाले होते. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एक आजी गर्दीतून आत आल्या, वाकल्या आणि मुलीचा पाय धरून तिला नीट बसवायला लागल्या. जात्यावर मांडी घालून कोणी दळत नाही. एक पाय लांब सोडायचा, दुसरा दुमडायचा, म्हणजे खुंटा फिरवताना अंग पुढेमागे होतं आणि तोल जात नाही.

हे मी बघितलं होतं, आणि पोस्टमध्ये होतं 'विविध वेशभूषांनी वेधले लक्ष'.

प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर साने गुरुजींच्या नावाने साहित्यनगरी उभारली होती, तिथे सावलीत बसून दुसरा मसुदा केला:

'थेट अमळनेरहून! ग्रंथदिंडीत चिमुकल्या बहिणाबाईला पंच्याहत्तरीच्या आजींनी पाणावल्या डोळ्यांनी शिकवलं, "बेटा, जात्यावर असं बसतात!" दोन पिढ्यांना जोडणारा हृद्य क्षण. हीच आपली परंपरा.'

वाचून मला फार छान वाटलं, म्हणून मी थांबले. स्वतःचं लिखाण लगेच छान वाटलं की त्यात काहीतरी लबाडी असते, हा माझा अनुभव आहे. एकेक शब्द तपासला. पंच्याहत्तरी? मी वय विचारलं नव्हतं. पाणावले डोळे? आजी वाकल्या होत्या, मला त्यांची पाठ दिसत होती. खरं तर आवाजावरून त्या वैतागल्या होत्या. अवतरणातलं वाक्य तर मीच रचलेलं. त्या अहिराणीत बोलल्या. आम्ही घरी बोलतो ती बोली वेगळी, त्यामुळे अर्थ कळला पण शब्द जसेच्या तसे लक्षात राहिले नाहीत. अर्धवट अहिराणी लिहून अमळनेरकरांचं हसू ओढवून घेण्यापेक्षा साध्या मराठीत अर्थ द्यावा आणि अवतरणचिन्हं काढावीत, असं ठरवलं. अवतरणचिन्ह म्हणजे 'हेच शब्द होते' अशी ग्वाही. ती मी देऊ शकत नव्हते.

'हृद्य' आणि 'परंपरा' ही शेपटी कापताना मात्र जीवावर आलं. पण वाचकाला काय वाटावं हे आपणच सांगून टाकलं, की त्याला वाटायला काही उरत नाही.

मग फोनमधले फोटो उघडले. मला जातं पुठ्ठ्याचं आठवत होतं. फोटोत ते थर्माकोलचं होतं, कडेला रंग उडून पांढरं दिसत होतं. आणि नऊवारीखाली निळे बूट. हे बूट मला त्या वेळी दिसलेच नव्हते. फोटो टाकायचा मोह झाला, पण मुलीचा चेहरा स्पष्ट होता आणि तिच्या घरच्यांना विचारलेलं नव्हतं. म्हणून फक्त शब्द.

शब्दांना जागा २८० अक्षरांची, आणि देवनागरीत ती भराभर संपते. एक्स काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजतो. 'साहित्य' आपल्याला तीन अक्षरांचा शब्द वाटतो, तिथे तो सातांचा होतो. 'संमेलनाध्यक्ष' तेरा. 'अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन' हे पूर्ण नाव मधल्या मोकळ्या जागा धरून बत्तीस. गटातल्या प्रत्येकाला मी कुठे आहे हे ठाऊकच होतं, मग ते बत्तीस कशासाठी खर्च करायचे?

तिसरा मसुदा आईला पाठवला. त्यात आजी 'एक पाय लांब कर' म्हणाल्या इथेच मी थांबले होते. या वेळी लगेच फोन आला.

"मग पोरीने केला का पाय लांब?"

"केला ना."

"मग लिही की तसं. आणि बरोबर बोलली ती बाई. मांडी घालून दळशील तर कंबर जाईल."

आईला परंपरा वगैरे काही सुचलं नाही, तिला पुढे काय झालं ते हवं होतं. मी नेमकं तेच गाळलं होतं. शेवटी पोस्ट गेली ती अशी:

'ग्रंथदिंडीत बहिणाबाई झालेली मुलगी थर्माकोलच्या जात्यासमोर मांडी घालून बसली होती. रस्त्याकडेच्या एक आजी पुढे आल्या, म्हणाल्या, असं नाही दळत, एक पाय लांब कर. मुलीने पाय लांब केला. पायात निळे बूट.'

दोनशेच्या आत बसली. घटना घडून तासभर उलटून गेला होता, म्हणून 'थेट' हा शब्द काढला आणि 'आज सकाळी' असं वेगळं उत्तर खाली जोडलं. उशीर चालतो, पण उशिराचं ताजं म्हणून खपवू नये.

सगळ्याच पोस्ट अशा लिहायच्या नसतात, हेही त्याच दिवशी कळलं. दुपारी गटातल्या एकाने विचारलं, अध्यक्षांचं भाषण झालं का, आणि उद्या कविसंमेलन किती वाजता? त्याला अध्यक्ष रवींद्र शोभणे यांच्या चष्म्याचं वर्णन नको होतं. त्याला वेळ आणि मंडप हवा होता. तिथे कोरडी, सरळ, दोन ओळींची माहिती दिली, आणि आईला न दाखवताच टाकली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्यावर एक पाय लांब सोडून बसली होती. समोर बोरांचं सूप.

"निळे बूट कशाला लिहिलेस?" तिने विचारलं. "बिचारीला शाळेतून तसंच आणलं असेल."

"होते म्हणून लिहिले."

"हं," ती म्हणाली आणि एक किडकं बोर बाजूला टाकलं.