तिसरा पट्टा

ही माझ्याच एका चुकीची गोष्ट आहे. चूक लहान होती, पण तिच्यामुळे नववीतील एका विद्यार्थिनीला घरी विनाकारण बोलणी खावी लागली. तुमच्यावर किंवा तुमच्या शिक्षकांवर अशी वेळ येऊ नये, म्हणून ती तुम्हांला सांगतो.

आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. त्या मुलीने पुठ्ठ्याचे एक दीपगृह तयार केले होते. त्याच्या टोकावर लाल रंगाचा लहानसा एलईडी दिवा लावायचा होता. दिव्यासाठी तिने ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली होती. एलईडी थेट बॅटरीला जोडला तर त्यातून फार मोठी विद्युतधारा वाहते आणि तो जळतो, हे तिला माहीत होते. म्हणून मध्ये ४७० ओहमचा रोधक जोडायचा असे आम्ही ठरवले होते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच्या रात्री तिने मोबाइलवर मला एक छायाचित्र पाठवले. मोठ्या भावाच्या दुरुस्तीच्या डब्यात तिला एक रोधक सापडला होता. "सर, हाच ना तो?" असे तिने विचारले होते.

रोधक तांदळाच्या दाण्याहून थोडाच मोठा असतो. त्यावर आकडा छापायला जागा नसते, म्हणून त्यावर रंगीत पट्टे असतात. प्रत्येक रंगाचा एक अंक ठरलेला आहे. काळा म्हणजे ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८ आणि पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकावर पहिले दोन पट्टे दोन अंक सांगतात. तिसरा पट्टा त्या अंकांपुढे किती शून्ये लिहायची ते सांगतो. चौथा पट्टा थोडा निराळा आहे. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक रोधक अगदी नेमक्या किमतीचा नसतो. तो किती कमी किंवा जास्त असू शकेल, हे चौथा पट्टा सांगतो. त्या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. सोनेरी पट्टा असेल तर ती ५ टक्के, चंदेरी असेल तर १० टक्के असते.

वाचायला सुरुवात कोठून करायची, हा प्रश्न तुम्हांला नक्की पडेल. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतो आणि मराठी डावीकडून उजवीकडे. पण उर्दू लिहितानासुद्धा ४७० ही संख्या आपण डावीकडूनच लिहितो. रोधकाचेही तसेच आहे. सोनेरी पट्टा उजव्या हाताला येईल असा तो धरा आणि डावीकडून वाचा. सोनेरी रंगाला अंकच नाही, म्हणून तो पट्टा कधीही पहिला नसतो.

छायाचित्रात मला पिवळा, जांभळा, तपकिरी आणि सोनेरी असे पट्टे दिसले. चार, सात आणि पुढे एक शून्य, म्हणजे ४७० ओहम. मी लगेच उत्तर पाठवले, "हो, जोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "सर, दिवा एकदम भक्कन पेटला. त्याचा लाल रंग नारिंगी दिसू लागला. रोधकाला हात लावला तर बोट भाजले. मग दिवा मंद होत गेला आणि विझला. भाईजान म्हणाले, तूच उलटसुलट जोडले असशील."

तिने काहीही उलटसुलट जोडले नव्हते. एलईडी उलटा जोडला असता, तर तो मुळात पेटलाच नसता. मी प्रयोगशाळेतून मल्टिमीटर आणला. बॅटरीपासून सोडवलेल्या त्या रोधकाच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावल्या. मीटरवर आकडा आला ४६.८. म्हणजे तो ४७ ओहमचा रोधक होता! मग मी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. तिसरा पट्टा तपकिरी नव्हता, काळा होता. काळा म्हणजे पुढे एकही शून्य नाही.

आता गणित करून पाहू. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट स्वतःकडे घेतो. ९ मधून २ वजा केले की रोधकाच्या वाट्याला ७ व्होल्ट उरतात. ओहमच्या नियमाप्रमाणे ७ ला ४७० ने भागले, तर सुमारे १५ मिलीअँपिअर धारा मिळते. अशा एलईडीला साधारण २० मिलीअँपिअरपर्यंतची धारा सोसते, म्हणून हे ठीक आहे. पण ७ ला ४७ ने भागले, तर उत्तर येते सुमारे १४९. बॅटरीच्या आतही थोडा रोध असतो, त्यामुळे प्रत्यक्षात धारा याहून कमी वाहिली असेल. तरीही ती एलईडीला सोसण्यापलीकडची होती. एका शून्याच्या चुकीने दिवा गेला.

मी ते छायाचित्र पुन्हा उघडले. खरे तर त्यातच इशारा होता. रोधक ज्या वहीवर ठेवला होता, तिचे पांढरे पान छायाचित्रात पिवळे दिसत होते. घरातील दिव्याचा प्रकाश पिवळा होता. शिवाय मोबाइलच्या फ्लॅशची चमक रोधकाच्या गुळगुळीत अंगावर पडली होती. त्या चमकेत काळा पट्टा फिकट होऊन तपकिरी भासला. जेथे पांढरा कागदच पांढरा दिसत नाही, तेथे इतर रंगांवर भरवसा कसा ठेवायचा?

रोधक कोणत्याही किमतीचे मिळत नाहीत. ४७ आणि ४७० या ठरलेल्या किमती आहेत. पहिल्या दोन पट्ट्यांवरून कोणी ४८ वाचले असते, तर मला शंका आली असती. तिसऱ्या पट्ट्याची चूक मात्र अशी पकडता येत नाही, कारण दोन्ही उत्तरे बरोबरच वाटतात.

प्रयोगशाळेच्या खणातून मी दुसरा रोधक शोधला. मीटरवर तो ४६३ ओहम भरला. ४७० चे ५ टक्के म्हणजे २३.५. म्हणून ४४६.५ ते ४९३.५ यांमधील कोणताही आकडा योग्यच समजायचा. या दोन टोकांना धारा अनुक्रमे १५.७ आणि १४.२ मिलीअँपिअर येते. दिव्याच्या उजेडात तो फरक डोळ्यांना कळतही नाही. टॉलरन्सने आपला दिवा जळत नाही. शून्य चुकले की जळतो.

मग आम्ही दोन्ही रोधक पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले आणि खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, त्यांचे छायाचित्र घेतले. आता काळा आणि तपकिरी यांतला फरक स्पष्ट दिसला. ओळखीचा रंग शेजारी असला, की अनोळखी रंग लपत नाही.

तुमच्याजवळ मीटर नसेल आणि तिसऱ्या पट्ट्याविषयी शंका असेल, तर दोन उत्तरांपैकी लहान उत्तर खरे धरून गणित करा. त्या उत्तराने दिवा जळणार असेल, तर तो रोधक जोडू नका. ४७० च्या जागी चुकून ४७०० ओहम लागला, तर दिवा फक्त मंद पेटतो. ४७ लागला तर तो पुन्हा पेटत नाही.

प्रयोगशाळेतला नवा एलईडी लावून तिचे दीपगृह प्रदर्शनात उजळले. संध्याकाळी तिचा भाऊ तिला न्यायला आला. मी त्याला दोन्ही रोधक दाखवले आणि म्हणालो, "जोडणी हिची बरोबर होती. पट्टा मी चुकीचा वाचला." त्याने दोन्ही रोधक हातात घेऊन उजेडात पाहिले. मग काही न बोलता त्याने ४७ ओहमचा रोधक कागदात गुंडाळला, त्यावर पेनाने '४७' असे लिहिले आणि तो बहिणीच्या हातात दिला.