टेबलावरचं टेबलावर

मी रोज असोद्याहून जळगावला कचेरीत जातो. माझं टेबल आस्थापना शाखेचं. रजेचे अर्ज, वैद्यकीय बिलं, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याची प्रकरणं, सगळं माझ्याच हातून पुढे जातं. अर्जात कारण लिहावं लागतं. त्यामुळे कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाकडे लग्न निघालंय, हे मला शेजारच्यांच्या आधी कळतं. आणि दुपारी दीड वाजता कँटीनमध्ये याच लोकांसोबत डबा उघडायचा असतो.

मागे एक ज्येष्ठ सहकारी बरेच दिवस रजेवर होते. कँटीनमध्ये विषय निघाला, ‘‘शेखभाऊ, नानांनी फंडातून पैसे काढले म्हणे? पोरीचं लग्न की दवाखाना?’’ ‘माहीत नाही’ म्हणणं खोटं, आणि ते कुणाला पटतही नाही. ‘सांगता येणार नाही’ म्हटलं की काहीतरी आहे, हे कळलंच. नुसतं हसलो तरी उत्तर जातं.

म्हणून मी एकच वाक्य ठेवलंय, ‘‘आप्पा, टेबलावरचं टेबलावर.’’ ते प्रत्येक वेळी म्हणायचं, लपवण्यासारखं काही नसेल तेव्हासुद्धा. कुणाची साधी दोन दिवसांची किरकोळ रजा विचारली तरी तेच. एरवी बोलायचं आणि अडचणीच्या वेळीच गप्प बसायचं, तर ते गप्प बसणंच बातमी होते. नानांच्या वेळी हे वाक्य सगळ्यांच्या सवयीचं होतं, म्हणून त्यातून कुणाला काही काढता आलं नाही.

पण वाक्य म्हणून थांबलं तर माणूस शिष्ट ठरतो. म्हणून लगेच दुसरं काही समोर ठेवावं लागतं, आणि ते आपलंच असावं. आमच्या असोद्याची भरिताची वांगी मला यात फार उपयोगी पडली आहेत. वांगी कशावर भाजली, यावर खान्देशी माणूस अर्धा तास बोलतो. घरचा पैसा, भावाभावांतली वाटणी हे मात्र मी तिथे काढत नाही. एका टेबलावर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत तीन शाखांत पोहोचतं, आणि पोहोचताना थोडं वाढतं.

‘‘पण खरंच तर बोलतोय,’’ असं कुणी म्हणतं. आपल्याकडे गीबत आणि बोहतान यांत फरक आहे तो इथेच. पाठीमागे, त्या माणसाला आवडणार नाही असं खरं बोललं तर ती गीबत. खोटं असेल तर बोहतान. म्हणजे खरेपणा ही सुटकेची वाट नाही.

अन्यायाची तक्रार मात्र गीबतीत धरत नाहीत, पण ती जो दूर करू शकेल त्याच्याकडे करायची असते. साहेबांच्या केबिनमध्ये सांगितलं तर ती तक्रार असते. तेच कँटीनमध्ये सांगितलं, तर तिथे ते दूर करणारा कुणी बसलेला नसतो.

नाना परत आले, आमच्यात बसून जेवले. दवाखान्याचं काय ते त्यांनी स्वतःच सांगितलं, जेवढं सांगायचं तेवढं.