फोन लागला नाही तर

प्रिय सौ.,

आमच्या खोलीतले खेडचे दादा गणपतीला घरी निघालेत, त्यांच्या बॅगेतून हे पत्र पाठवतोय. मोबाईलवर एवढं लिहायला जमत नाही, आणि मला तुला सगळं सलग सांगायचं आहे.

परवा तू विचारलंस, "व्हिडिओ कॉल का लावत नाही? काही लपवताय का?" रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. लपवत काही नाही गं. दुबईत व्हॉट्सॲपवरून बोलणं बंदच आहे. लिहिलेलं जातं, फोटो जातो, आवाज भरून पाठवला तर तोही पोचतो. कॉल मात्र लागत नाही. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री कॅम्पात आलो आणि किती वेळ नुसता लावत बसलो. तू तिकडे जागी असणार म्हणून जीव कासावीस झाला. शेवटी वरच्या खाटेवरच्या बिहारी पोराने माझा फोन हातात घेऊन बोटिम नावाचं ॲप टाकून दिलं. इथे बोलायला ते चालतं. भावजींना तुझ्याही फोनमध्ये टाकून द्यायला सांग. नेट अडकलं तर चेहरा थिजतो, पण आवाज येतो.

आता वेळेचं. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तू साडेआठला जेवायला बसतेस तेव्हा माझे सात वाजलेले असतात आणि मी बसमधून उतरत असतो. मग आंघोळीची रांग, चुलीची रांग. म्हणून माझा फोन तुझ्या दहाच्या आधी यायचा नाही. दिवसभर मेसेजला एकच टिक दिसली तर घाबरू नकोस. शटरिंगच्या फळ्यांवर चढताना फोन खाली पेटीत ठेवावा लागतो, आणि साईटवर मी नेट बंदच ठेवतो.

उन्हाची तुला फार काळजी. मलाही होती. ऊन आहेच, आणि आपल्या पावसाळ्याआधी होतो तसा घामटपणा, वर वाराही गरम. पण १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे. म्हणून पहाटे साडेचारला बस निघते आणि दुपारी आम्ही सावलीत प्लायवूडच्या तुकड्यांवर आडवे होतो. मुतारीच्या भिंतीवर रंगांचा एक तक्ता लावलाय. लघवी फिक्की असली तर ठीक, गर्द पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, असं त्यावरून कळतं. नवीन माणसाला ऊन सोसायला वेळ लागतो, म्हणून फोरमनने सुरुवातीला मला वर चढवलंच नाही, खाली फळ्यांचे खिळे काढायला बसवलं. डोकं दुखलं किंवा गोळे आले तर लगेच सांगायचं, ही त्याची ताकीद आहे आणि मी ती पाळतो.

पहिला पगार कमी आला म्हणून आईंनी विचारलं ना? मी महिन्याच्या मधे लागलो, तेवढ्याच दिवसांचा तो होता. पगार रोख हातात देत नाहीत, कार्डावर जमा होतो. एक्स्चेंजच्या दुकानातून मी तुझ्या खात्यावर पाठवतो, आणि पावतीचा फोटो लगेच तुला येतो. फोटो आला आणि दोन दिवसांत खात्यात काही दिसलं नाही, तर पासबुक घेऊन बँकेत जा आणि पावतीवरचा नंबर दाखव. पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे, किल्ली गळ्यात. तो कंपनीने ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही.

एक गोष्ट लिहायला हात जड होतोय, पण तुला माहीत असायला हवी. मी नववीपर्यंतच शिकलेला, म्हणून निघताना सरकारी परवानगी लागली आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही काढावा लागला. दोन वर्षांचे २७५ रुपये भरलेत. अपघातात जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. कागद ट्रंकेत तुझ्या शालूखाली आहे. वाईट मनात आणू नकोस, फक्त जागा लक्षात ठेव.

राहिली दोन वर्षं. करार तेवढ्याचाच आहे, पण वर्ष भरलं की ३० दिवसांची पगारी रजा कायद्यानेच मिळते. आमची कंपनी तिकीट मात्र दोन वर्षांनीच देते. म्हणजे पुढच्या गणपतीला यायचं तर तिकीट आपल्या खिशातून, आणि त्या दिवसांत ते महाग असतं. गणपतीनंतर, भातकापणीच्या सुमारास आलो तर स्वस्त पडेल आणि कापणीला माझे हातही मिळतील. पण मूर्ती डोक्यावरून घरी आणायला मी यंदा नाही, पुढच्या वर्षीही नसेन, हे मला सहन होईल असं वाटत नाही. रजेची तारीख आधी कळवावी लागते. आईंशी बोल आणि गणपती की कापणी, ते दिवाळीपर्यंत मला कळव.

तुझाच